शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज : परत आलेला कागद ओळीओळीने दुरुस्त करताना

प्रश्न : माझी बदली साताऱ्याहून नाशिकला झाली आहे. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला हवा म्हणून मुख्याध्यापिका मॅडमच्या नावे अर्ज दिला. ऑफिसमधून "नीट लिहून आणा" म्हणून परत दिला, नेमकं काय चुकलं ते सांगितलं नाही. मायना, विषय, शेवट, शुद्धलेखन सगळंच तपासून द्याल का? नावं काढून टाकली आहेत. अर्ज असा होता :

> दि. २/६/२५
>
> प्रती,
> ती. मा. मुख्याध्यापक साहेब सर यांना,
> अबक विद्यालय, सातारा.
>
> विषयः- दाखला मिळणेबाबत अर्ज.
>
> आदरणीय सर,
> स. न. वि. वि.
>
> मी आपल्या शाळेची विद्यार्थीनी कु. ……… हीचा पालक असून आपणांस विनंती करतो कि माझी मुलगी आपल्या शाळे मध्ये ईयत्ता ६ वी त शिकत आहे. माझी नौकरीत नाशीक येथे बदली झाली असल्या कारणाने व घरगूती अडचणीमुळे आम्ही सर्वजण तिकडे शिफ्ट होत असल्यामुळे तीला पूढील शिक्षण तिथेच घ्यायचे असल्याने दाखल्याची आवशक्यता आहे. तीची परिक्षा झाली असुन निकाल मिळाला आहे. तरी लवकरात लवकर दाखला देऊन सहकार्य करावे हि नम्र विनंती. तसदीबद्दल क्षमस्व.
>
> आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
> (सही)

उत्तर : हा अर्ज शुद्धलेखनामुळे परत आला असेल असे मला वाटत नाही. मी बरीच वर्षे एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही असा अर्ज आमच्याकडे क्वचितच येतो, आणि तेवढ्यासाठी आम्ही कोणाला हेलपाटा घालायला लावत नाही. तुमचे अडले असेल ते तीन ठिकाणी. कोणता दाखला हवा, ते अर्जात कुठेच नाही. मुलगी सहावीत "शिकत आहे" असेही लिहिले आहे आणि परीक्षा होऊन निकाल लागला असेही लिहिले आहे. आणि खाली सही वडिलांची, पण तिच्या डोक्यावर "आज्ञाधारक विद्यार्थी". कामाच्या घाईत समोरच्या बाईंनी हे समजावून सांगण्याऐवजी "नीट लिहून आणा" म्हटले असावे. सांगायला हवे होते, पण असो.

या चुका का अडतात, ते अर्जाचे पुढे काय होते यावरून कळेल. तुमचा कागद आला की त्यावर आवक क्रमांक आणि तारीख पडते. मुख्याध्यापिका समासात "दाखला द्यावा" असा शेरा मारून सही करतात आणि कागद लिपिकाच्या टेबलावर येतो. लिपिक जनरल रजिस्टर उघडून मुलीची नोंद शोधतो आणि दाखल्याच्या छापील नमुन्यातले रकाने भरू लागतो. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, मातृभाषा, आधीची शाळा हे सगळे रजिस्टरमधून उतरते. पण "शाळा सोडण्याचे कारण" हा रकाना रजिस्टरमध्ये कोराच असतो. तो तुमच्या अर्जातल्या शब्दांनी भरला जातो. मुलगी कोणत्या इयत्तेतून जाते आहे, तेही रजिस्टरशी ताडून पाहताना अर्जाकडेच बघितले जाते. म्हणजे तुम्ही जे लिहाल ते दाखल्यावर चढते, आणि दाखला मुलीजवळ जन्मभर राहतो. आता वरून सुरुवात करू.

दिनांक, प्रति आणि पत्ता

तारीख "२/६/२५" अशी न लिहिता "२ जून २०२५" अशी लिहा. फायलीत कागद वर्षानुवर्षे राहतात, आणि दोन आकडी साल पुढे महिना-दिवसात मिसळते. अर्जाचा दिनांक पूर्वी उजव्या कोपऱ्यात लिहीत. हल्ली शाळेत मुलांना औपचारिक पत्राचा सगळा मजकूर डाव्या समासापासून लिहायला शिकवतात. दोन्ही चालते, फक्त एकाच अर्जात दोन्ही रीती मिसळू नका.

"प्रती" नव्हे, "प्रति". शब्दाच्या शेवटची वेलांटी मराठीत सहसा दुसरी असते, म्हणून ही चूक सुशिक्षित माणसेही करतात. पण येथे "प्रति" हे अव्यय आहे आणि संस्कृतातून आलेली अव्यये ऱ्हस्वच राहतात, जसे तथापि, परंतु. "प्रती" लिहिले की अर्थ होतो झेरॉक्सच्या प्रती. शिवाय वर "प्रति" लिहिले असेल तर खाली "यांना" नको. दोन्हींचे काम एकच.

आता "ती. मा. मुख्याध्यापक साहेब सर". एका व्यक्तीला इतके मान देण्याची गरज नाही. "ती." हे तीर्थरूप किंवा तीर्थस्वरूप यांचे संक्षिप्त रूप. आईवडिलांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना लिहायच्या पत्रात ते शोभते, कार्यालयीन अर्जात त्याला जागा नाही. "मा." म्हणजे माननीय, तेवढे पुरे. ते लिहिल्यावर "साहेब"ही नको आणि "सर"ही नको. तुम्हीच म्हणता की त्या मॅडम आहेत, तेव्हा "मा. मुख्याध्यापिका" लिहा. मुख्याध्यापक कोण आहेत हे ठाऊक नसेल तर "मा. मुख्याध्यापक" हे पदाचे नाव म्हणून चालते; पण माहीत असून "साहेब" लिहिणे वाचणाऱ्याला खटकते. त्यांचे स्वतःचे नाव घालण्याची गरज नाही. अर्ज खुर्चीला असतो, उद्या त्यांची बदली झाली तरी अर्ज बाद होत नाही. मुलगी अकरावी-बारावीत असती आणि कनिष्ठ महाविद्यालयाला प्राचार्य असते, तर "मा. प्राचार्य" लिहावे लागले असते.

विषय

"दाखला मिळणेबाबत अर्ज." यातला "अर्ज" काढा, कागद अर्जच आहे. त्याऐवजी कोणता दाखला, ते घाला. शाळा निरनिराळे दाखले देते : विद्यार्थी येथे शिकत असल्याचा म्हणजे बोनाफाईड, जन्मतारखेचा, वर्तणुकीचा आणि शाळा सोडल्याचा. पहिल्या तिन्हींनी मुलीचे नाव शाळेत राहते. चौथ्याने ते पटावरून कमी होते. लिपिक तुमच्या मनातले ओळखून चौथा दाखला लिहिणार नाही, लिहूही नये. विषयात मुलीचे नाव आणि इयत्ताही दिली तर मुख्याध्यापिकांना खालचा मजकूर वाचायच्या आधीच कागद कशाचा आहे ते कळते.

"मिळणेबाबत" की "मिळण्याबाबत"? कचेरीच्या मराठीत "मिळणेबाबत", "करणेत यावे", "देणेत यावे" अशी रूपे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, आणि कोणीही त्यासाठी अर्ज नाकारणार नाही. पण व्याकरणाने प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना "मिळणे"चे "मिळण्या" होते, जसे आपण "खेळणेसाठी" न म्हणता "खेळण्यासाठी" म्हणतो. म्हणून मी "मिळण्याबाबत" लिहितो आणि तुम्हालाही तेच सुचवतो.

एक बारीक गोष्ट. तुम्ही "विषयः-" असे टाइप केले आहे. मोबाइलच्या कीबोर्डवर विसर्ग आणि अपूर्णविराम दिसायला सारखे, म्हणून बोट विसर्गावर पडते. विसर्ग अक्षराला चिकटतो आणि "विषयहा" असा काहीतरी उच्चार होतो. "विषय" नंतर थोडी जागा सोडून दोन टिंबे द्या. पुढची आडवी रेघही नको.

"संदर्भ" ही ओळ अनेक जण सवयीने घालतात. तुमच्या पहिल्या अर्जाला आवक क्रमांक पडला नव्हता, तो तसाच हातात परत आला, म्हणून संदर्भ द्यायला काही नाही. अर्ज देऊन आठ-पंधरा दिवस झाले आणि आठवण करून द्यायची वेळ आली, तर मात्र "संदर्भ : माझा दि. २ जून २०२५ चा अर्ज" ही ओळ विषयाखाली हवी.

मायना

"आदरणीय सर" आणि खाली पुन्हा "स. न. वि. वि." नको. "स. न. वि. वि." म्हणजे सप्रेम किंवा सविनय नमस्कार विनंती विशेष. ओळखीच्या, बरोबरीच्या माणसाला लिहायच्या पत्राची ती सुरुवात. अर्जात "महोदय," आणि बाईंना "महोदया," एवढा एकच शब्द, पुढे स्वल्पविराम, आणि नवा परिच्छेद. याहून जास्त नम्रता दाखवायची इच्छा असेल तर ती शेवटच्या विनंतीच्या वाक्यात दाखवता येते.

मजकूर

तुमचे मुख्य वाक्य पुन्हा वाचून पाहा : "बदली झाली असल्या कारणाने व घरगूती अडचणीमुळे आम्ही सर्वजण तिकडे शिफ्ट होत असल्यामुळे तीला पूढील शिक्षण तिथेच घ्यायचे असल्याने". एका दमात चार कारणे एकमेकांना लटकवली आहेत आणि मुद्दा, म्हणजे दाखला, सगळ्यात शेवटी येतो. अर्ज म्हटला की वाक्य लांब हवे असा समज दिसतो. प्रत्यक्षात त्याची तीन साधी वाक्ये होतात. माझी नाशिक येथे बदली झाली आहे. आम्ही कुटुंबासह तेथे राहायला जात आहोत. मुलगी सातवीचे शिक्षण तेथील शाळेत घेणार आहे.

त्यातले "घरगूती अडचणीमुळे" मी पार काढून टाकले, आणि नुसते वाक्य लहान करायला नव्हे. अर्जात दोन कारणे असली की "शाळा सोडण्याचे कारण" या रकान्यात कोणते लिहायचे हा प्रश्न लिपिकाला पडतो. काही जण दोन्ही लिहितात. मग नाशिकच्या शाळेत प्रवेश घेताना दाखल्यावर "पालकांची बदली व घरगुती अडचण" असे वाचून समोरचा विचारतो, कसली अडचण? ज्याचा कागद तुमच्यापाशी आहे तेवढेच कारण लिहा. तुमच्यापाशी बदलीचा आदेश आहे.

इयत्तेचा गोंधळ सगळ्यात महत्त्वाचा. तुम्ही जूनमध्ये अर्ज करता आहात. निकाल लागला आहे, म्हणजे मुलगी सहावी उत्तीर्ण झाली आहे आणि नव्या शाळेत सातवीत बसणार आहे. "सहावीत शिकत आहे" असे लिहिल्याने असे वाटते की ती वर्षाच्या मधेच शाळा सोडते आहे. दाखल्यावर तसे उतरले तर नवी शाळा तिला सातवीत घ्यायचे की पुन्हा सहावीत, यावर अडून बसू शकते. म्हणून "२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात इयत्ता सहावीत शिकत होती" आणि "उत्तीर्ण झाली आहे" हे दोन्ही स्पष्ट लिहा.

जे लिहिले नाही तेही पाहू. तुकडी नाही, शैक्षणिक वर्ष नाही आणि जनरल रजिस्टर क्रमांक नाही. हा क्रमांक बहुतेक शाळांत मुलांच्या प्रगतिपत्रकावर किंवा ओळखपत्रावर असतो, आम्ही त्याला नुसते "जी. आर. नंबर" म्हणतो. तो दिला तर नोंद लगेच सापडते. नाही दिला तर एकाच आडनावाच्या मुलींच्या नोंदी चाळत बसावे लागते आणि तुमचा कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकतो.

"लवकरात लवकर" ऐवजी तारीख द्या. येणारा प्रत्येक अर्ज लवकरात लवकरचाच असतो, त्यामुळे तो शब्द आता कोणी वाचत नाही. नव्या शाळेने कोणत्या तारखेपर्यंत दाखला मागितला आहे, ते लिहिले तर मुख्याध्यापिकांना शेऱ्यात तारीख घालता येते. "सहकार्य करावे" आणि "तसदीबद्दल क्षमस्व" दोन्ही काढा. दाखला देणे हे शाळेचे कामच आहे.

शुद्धलेखन

चुका अनेक दिसतात, पण कारणे चार-पाचच आहेत. ती कळली की पुढचा अर्ज तुम्ही स्वतः तपासाल.

मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर इकारान्त किंवा उकारान्त असेल तर ते दीर्घ. म्हणून "कि" नव्हे "की", "हि" नव्हे "ही". एकाक्षरी शब्दांनाही हे लागू आहे. "आणि" व "नि" हे दोन नेहमीचे अपवाद. पण "ती", "ही" या सर्वनामांना प्रत्यय लागला की ते अक्षर शेवटचे राहत नाही आणि ऱ्हस्व होते : ती, पण तिला, तिची, ही, पण हिचा. तुमच्या अर्जात "तीला", "तीची", "हीचा" या तिन्ही चुका या एकाच कारणाच्या आहेत.

शब्द अकारान्त असेल तर शेवटून दुसरे अक्षर दीर्घ आणि त्याच्या आधीची ऱ्हस्व. "पुढील" या एका शब्दात दोन्ही दिसते : "ढी" दीर्घ, कारण शेवटी "ल" आहे, "पु" ऱ्हस्व, कारण तो आणखी मागे आहे. तसेच "असून", "जून", "तारीख". "घरगुती"मध्ये शेवटची "ती" दीर्घ आणि मागचा "गु" ऱ्हस्व. "इयत्ता"ची "इ" शब्दाच्या सुरुवातीला आहे, तीही ऱ्हस्व.

हा हिशेब मराठीत रुळलेल्या शब्दांपुरता. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द शेवटचे अक्षर सोडून मुळाप्रमाणे राहतात. "परीक्षा" हा तसा शब्द, त्यात "री" मुळातच दीर्घ. "विद्यार्थी" दीर्घ, पण "विद्यार्थिनी"त "र्थि" ऱ्हस्व, कारण मूळ शब्द इन्‌ने संपणारा आहे. शाळांच्या फलकांवरही "विद्यार्थीनी" इतक्या वेळा दिसते की बरोबर रूपच चुकीचे वाटू लागते. शैक्षणिक, वार्षिक, आर्थिक यांतला "इक" कायम ऱ्हस्व. आणि "प्रगती" एकटी असताना दीर्घ, पण समासात पहिली आली की "प्रगतिपत्रक". तुमच्या वडिलांच्या काळातला एखादा जुना अर्ज नमुन्याला घेतलात तर त्यात "विनंति", "पद्धति", "नाहीं" अशी रूपे आढळतील. ती त्या काळी बरोबरच होती. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले, १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले, आणि आज त्या १८ नियमांप्रमाणे लिहायचे असते.

"आवशक्यता" ही वेलांटीची नव्हे, अक्षरे उलटी पडल्याची चूक. "आवश्यक"ला "ता" जोडा : आवश्यकता. "नौकरी" हिंदी वाचनातून येते, मराठीत "नोकरी". "नाशीक" की "नाशिक" यावर नियम लावत बसू नका. गावाचे नाव सरकारी कागदावर जसे आहे तसे, म्हणजे "नाशिक".

"शाळे मध्ये", "६ वी त" हे तुटलेले शब्द मोबाइलवर टाइप केल्याने होतात, कीबोर्ड शब्द सुचवतो आणि मधे जागा सोडतो. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय मूळ शब्दाला जोडून लिहायचे : शाळेमध्ये, सहावीत. छापायच्या आधी अर्ज एकदा मोठ्याने वाचलात तर ही तुटकी ठिकाणे आपोआप सापडतात. "शिफ्ट होत" हे बोलताना ठीक आहे, लिहिताना "राहायला जात".

या सगळ्या नियमांतून मुलीचे नाव मात्र वगळा. सुनिता की सुनीता, प्रिती की प्रीती, हे नियमाप्रमाणे ठरवू नका. जनरल रजिस्टरमध्ये जसे आहे, अक्षरशः तसेच अर्जात लिहा, मग ते व्याकरणाने चुकीचे असले तरी. रजिस्टरमधली नोंद आणि जन्मदाखला किंवा आधार यांत फरक असल्याचे आत्ताच लक्षात आले, तर दाखल्याचा अर्ज देण्याआधी दुरुस्तीचा वेगळा अर्ज पुराव्यासह द्या. मुलगी पटावर असताना ते काम जेवढे सोपे असते तेवढे दाखला निघाल्यावर राहत नाही.

शेवट

"आपला आज्ञाधारक विद्यार्थी" हे विद्यार्थ्याने लिहायचे असते. सहावीतल्या मुलीचा दाखला मागणारे तुम्ही पालक, म्हणून "आपला विश्वासू". आईने अर्ज केला तर "आपली विश्वासू". "विश्वासू"चा शेवटचा उकार दीर्घ. त्याखाली सही, सहीखाली पूर्ण नाव, आणि नावाखाली नाते. नुसती सही असली तर अर्ज कोणी केला ते कळत नाही, आणि दाखला कोणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पत्ता व मोबाइल क्रमांक येथेच. "कळावे, लोभ असावा" हे घरगुती पत्रातले, ते नको.

तुमचाच अर्ज आता असा होतो :

> दिनांक : २ जून २०२५
>
> प्रति,
> मा. मुख्याध्यापिका,
> अबक विद्यालय,
> सातारा.
>
> विषय : शाळा सोडल्याचा दाखला मिळण्याबाबत (कु. ………, इयत्ता सहावी, तुकडी ब)
>
> महोदया,
>
> माझी मुलगी कु. ……… (रजिस्टरमधील पूर्ण नाव) ही २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात आपल्या शाळेत इयत्ता सहावी, तुकडी ब मध्ये शिकत होती. तिचा जनरल रजिस्टर क्रमांक ……… आहे. वार्षिक परीक्षेत ती उत्तीर्ण झाली आहे.
>
> माझी नाशिक येथे बदली झाली असून आम्ही कुटुंबासह तेथे राहायला जात आहोत. मुलगी सातवीचे शिक्षण तेथील शाळेत घेणार आहे. त्या शाळेने दि. ……… पर्यंत शाळा सोडल्याचा दाखला मागितला आहे.
>
> तिच्याकडील ग्रंथालयाची पुस्तके परत केली असून शाळेचे कोणतेही देणे बाकी नाही. तरी वरील तारखेपूर्वी तिचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही नम्र विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (सही)
> (पूर्ण नाव)
> विद्यार्थिनीचे वडील
> पत्ता : ………
> मोबाइल क्रमांक : ………
>
> सोबत :
> १. इयत्ता सहावीच्या प्रगतिपत्रकाची छायाप्रत
> २. बदलीच्या आदेशाची छायाप्रत

ग्रंथालयाची ओळ मी माझ्या मनाने घातली आहे, खरी असेल तरच ठेवा. तारीखही ज्या दिवशी अर्ज द्याल त्या दिवसाची घाला. हाताने लिहिलात तरी चालेल, छापलाच पाहिजे असे काही नाही. फक्त डावीकडे बोटभर समास सोडा, शेरा तिथेच पडतो आणि फायलीला भोकही तिथेच पडते.

काही पालक पहिल्याच अर्जात कायद्याची कलमे लिहितात. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ मध्ये मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यावा असे आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवू किंवा नाकारू नये असेही आहे. हा कायदा पहिली ते आठवीचा, म्हणजे तुमच्या मुलीची इयत्ता त्यात बसते. पण साध्या विनंतीच्या अर्जात कलम घातले की तो तक्रारीसारखा वाचला जातो आणि टेबलावरचा माणूस सावध होऊन प्रत्येक गोष्टीचा कागद मागू लागतो. ते दुसऱ्या अर्जासाठी, संदर्भाच्या ओळीसह राखून ठेवा. बहुधा लागणार नाही.

अर्जाच्या दोन प्रती घेऊन जा. एक शाळेला द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊन ती परत आणा. याला पोच म्हणतात. तुमचा पहिला कागद पोच न घेता दिला होता, म्हणून तो दिला होता हे दाखवायला आज तुमच्यापाशी काही नाही.

दाखला मिळेल तेव्हा तो खिडकीपाशी उभे राहूनच वाचा. मुलीचे व आईचे नाव, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख एकमेकांशी जुळते का, इयत्तेच्या रकान्यात सहावी उत्तीर्ण असे आहे का, आणि कारणाच्या रकान्यात "पालकांची बदली" एवढेच आहे का, हे पाहा. काही चुकले असेल तर लगेच सांगा. मुख्याध्यापिका तिथेच बसलेल्या असताना नवा दाखला लिहून मिळायला वेळ लागत नाही, नाशिकहून त्यासाठी परत यावे लागले तर एक दिवस मोडतो.